कमळकाकडी चिरली की काळी पडते आणि शिजवली की मऊ होते. पांढरी आणि कुरकुरीत कशी ठेवायची?

दोन्हींवर औषध एकच, आंबट पाणी. फक्त ते सोलायला घेण्याआधी ओट्यावर तयार हवं. पाव किलोला लिटरभर पाण्यात दोन चहाचे चमचे पांढरं व्हिनेगर पुरतं. नसेल तर एका लिंबाचा रस घाला.

घेतानाच दोन्ही टोकं बंद असलेले तुकडे निवडा. टोक उघडं असेल तर भोकांत चिखल शिरलेला असतो आणि तो नुसत्या धुण्याने निघत नाही. उल्हासनगरच्या सिंधी भाजीवाल्यांकडे 'भी' म्हणून मागितलीत तर चांगली मिळते. सोलणीने वरची साल पातळ काढा, टोकं उडवा आणि भोकांतून नळाची धार सोडा. आता तिरप्या, दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या चकत्या करा आणि प्रत्येक चकती सुरीवरून थेट त्या पाण्यात टाका. सगळं चिरून झाल्यावर भिजवू म्हणाल, तर तोवर पहिल्या चकत्या तपकिरी झालेल्या असतात. चिरलेल्या भागाला हवा लागली की त्यातली टॅनिनसारखी द्रव्यं काळवंडतात, आणि आम्लात ही क्रिया मंदावते. दहा मिनिटं पुरे, जास्त ठेवली तर भाजी आंबट लागते.

एक मात्र सांभाळा. विळी आणि लोखंडी कढई या भाजीला चालत नाहीत. टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की निळसर काळा रंग येतो, तो मग लिंबानेही नीट जात नाही. स्टीलची सुरी, स्टीलची किंवा नॉनस्टिक कढई.

आता शिजवणं. पातेल्यात पाणी खळखळून उकळलं की त्यात चमचाभर व्हिनेगर आणि मीठ घालून चकत्या दीड-दोन मिनिटंच ठेवा. आम्लामुळे भाजीतलं पेक्टिन लवकर विरघळत नाही, म्हणून कडकपणा टिकतो. (खाण्याचा सोडा नेमकं उलटं करतो, तो अजिबात नको.) चकत्या उपसून फडक्यावर पसरा आणि पूर्ण कोरड्या करा. ओल्या टाकल्यात तर त्या परतल्या न जाता वाफेवर शिजतात. मग तेल कडक तापवून जिरं, लसूण, लाल मिरची घाला आणि मोठ्या आचेवर तीन-चार मिनिटं परता. झाकण ठेवायचं नाही. एक चकती दातांखाली धरून बघा. कटकन तुटली आणि कच्चा तुरटपणा गेला असेल तर लगेच गॅस बंद करा.

जून, जाड कमळकाकडी असेल तर मात्र हा खटाटोप करू नका. तिचे धागे असे परतून मऊ पडत नाहीत. ती सरळ कुकरला लावा आणि कांदा-टोमॅटोच्या रश्श्यात घाला.