आजोबांच्या पंचाहत्तरीला धाकट्याच्या तीन ओळी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद. आजोबांच्या पंचाहत्तरीला तुझ्या सात वर्षांच्या मामेभावाने काहीतरी बोलावं असं घरात ठरलं आणि ते काम तुझ्या गळ्यात पडलं, हे कळलं. तू लिहून पाठवलेला मजकूर वाचला. "आमचे आदरणीय आजोबा, आपणांस अमृतमहोत्सवी वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. आपण शतायुषी व्हावे, हीच ईश्वरचरणी प्रार्थना." ही फ्लेक्सवरची भाषा आहे. तो घरी पाठ म्हणून दाखवेल, पण हॉलमध्ये 'अमृतमहोत्सवी'ला अडखळेल आणि तिथून पुढचं सगळं जाईल. त्याची स्मरणशक्ती चांगलीच असणार. अडचण अशी, की ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही तो त्याच्यासाठी नुसता आवाज असतो. आवाज मध्येच तुटला की तो कुठून जोडायचा हे त्याला कळत नाही. शिवाय लहानाने मोठ्याला 'शतायुषी व्हा' म्हणणं हे आशीर्वाद उलटा दिल्यासारखं वाटतं, ते वेगळंच.

म्हणून हा कागद बाजूला ठेव आणि त्याच्याशी पाच मिनिटं बोल. 'आजोबांबद्दल तुला काय वाटतं?' असं विचारू नकोस, 'आवडतात' एवढंच उत्तर येईल. आजोबा रोज काय हरवतात? तुला कशावरून ओरडतात? त्यांच्या खिशात काय असतं? त्यांच्यासाठी तू कुठलं काम करतोस? असे प्रश्न विचार. तुझ्याच पत्रात एक वाक्य सहज येऊन गेलंय, की आजोबांचा चष्मा सापडत नाही आणि हा रोज शोधून देतो. आपल्याला हवं ते इथेच आहे. मी त्याच्या तीन ओळी केल्या आहेत:

तुमचा चष्मा हरवतो.
रोज मीच तो शोधतो.
शंभरीलाही शोधीन!

आता या अशाच का, ते सांगते, म्हणजे तुला बदलायच्या असल्या तरी मोडणार नाहीत. प्रत्येक ओळ हे पूर्ण वाक्य आहे. 'आजोबांचा चष्मा रोज' अशी ओळ केली असती तर मूल ओळीच्या शेवटी श्वास घेतं आणि 'हरवतो' लटकत राहतं. प्रत्येक ओळ एका श्वासात बसते, कारण तिच्यात आठ-नऊच अक्षरं आहेत. पहिल्या दोन ओळींच्या शेवटी 'तो' जुळतो, त्यामुळे पहिली म्हटली की दुसरी ओढली जाते. पण ओळींच्या सुरुवाती मात्र मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. दोन्ही ओळी 'रोज'ने सुरू केल्या तर ऐकायला छान वाटतं, पण पोरं दुसऱ्या 'रोज'वरून परत पहिल्या ओळीत शिरतात आणि तिथेच फिरत बसतात. इथे आधी हरवतो, मग शोधतो हा क्रम घडणाऱ्या गोष्टीचाच आहे, त्यामुळे तो उलटा म्हणता येत नाही.

तिसऱ्या ओळीत शुभेच्छा आहे, पण आशीर्वादाच्या सुरात नाही, वचनाच्या सुरात आहे. 'शंभरी' म्हणजे काय ते त्याला हिशेबाने समजावून सांग. आजोबांना ७५ पूर्ण झाली, शंभराला अजून २५ वर्षं, तेव्हा तू ३२ वर्षांचा असशील आणि तेव्हाही चष्मा शोधत असशील. त्याला याचं हसू आलं की ओळ पाठ झालीच म्हणून समज. 'लाही'तला 'ही' घाईत गिळला जातो. तो गिळला तर अर्थच बदलतो, आत्ता शोधणार नाही आणि एकदम शंभरीलाच शोधीन असं होतं. तेवढ्या एका अक्षराकडे लक्ष दे.

दोन गोष्टी तपासून घे. त्याचा 'र' अजून 'ल'सारखा येत असेल तर दुसऱ्या ओळीत 'रोज'ऐवजी 'मग' घाल. 'हरवतो' आणि 'शंभरी'तला 'र' शब्दाच्या पोटात असल्याने बोबडा झाला तरी कळतो. ओळीच्या तोंडाशी असला की लगेच कानावर येतो आणि कुणीतरी मोठ्याने हसतं. दुसरं, आजोबांचं विसरणं हे नेहमीच्या वेंधळेपणापलीकडे गेलेलं नाही ना, हे आजींना हळूच विचार. तसं असेल तर चष्म्याचा विषयच नको. ऐकू कमी येणं, कवळी, गुडघे हेही नको. चारचौघांत या गोष्टी बोचतात. मग खिशातल्या शेंगदाण्यांवर किंवा शाळेच्या रिक्षापर्यंत सोडायला येण्यावर अशाच तीन ओळी कर.

पाठांतर समारंभाच्या चार-पाच दिवस आधी सुरू कर, त्याआधी नको. तीन आठवडे घोकवलं तर पाढ्यासारखी चाल लागते आणि ती नंतर काही केल्या निघत नाही. आणि शिकवताना शेवटून शिकव. पहिल्या दिवशी फक्त 'शंभरीलाही शोधीन!'. दुसऱ्या दिवशी दुसरी आणि तिसरी. तिसऱ्या दिवशी तिन्ही. पहिल्या ओळीपासून शिकवलं की पहिली ओळ सगळ्यात पक्की आणि शेवटची सगळ्यात कच्ची राहते, आणि मूल जसजसं पुढे जातं तसतसा आवाज बारीक होत जातो. शेवटून शिकवलं की ते पुढे जाताना ओळखीच्या जागेकडे जात असतं, त्यामुळे शेवट खणखणीत येतो. एका वेळी तीन-चारदा म्हणून झालं की थांब. जेवायला बसण्याआधी, चपला घालताना, असं अधूनमधून म्हणवून घे.

चौथ्या दिवशी गोंधळात म्हणायला लाव. तू खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहा, टीव्ही चालू ठेव, कुणालातरी मध्येच ये-जा करू दे. माइक म्हणून हातात लाटणं दे आणि ते हनुवटीशी चार बोटांवर धरायला शिकव. मुलं माइक एकतर तोंडात घालतात नाहीतर बोलता बोलता पोटापर्यंत खाली आणतात. त्या दिवशी खरा माइक तूच धर, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

मग हसण्याची तालीम. ही बहुतेक जण विसरतात. दुसऱ्या ओळीला 'मीच'वर हॉल हसणार, हे नक्की. ज्याला हे माहीत नाही तो मुलगा एकतर घाबरून गप्प होतो, आपलं काही चुकलं असं वाटून, नाहीतर हशातच तिसरी ओळ उरकून टाकतो आणि ती कुणालाच ऐकू येत नाही. म्हणून घरी दुसऱ्या ओळीनंतर सगळ्यांनी मुद्दाम खो खो हसायचं आणि त्याने आजोबांच्या खुर्चीकडे बघत हसू थांबेपर्यंत उभं राहायचं. दोन वेळा केलं की त्याला त्यात मजा वाटायला लागते.

कार्यक्रमात त्याचा नंबर औक्षणानंतर लगेच आणि मोठ्यांच्या भाषणांआधी ठेव. मात्र ७५ दिव्यांचं ताट आधी बाजूला नेलं आहे हे बघ. नव्या झब्ब्यातलं मूल आणि इतके पेटते दिवे जवळजवळ नकोत. असे कार्यक्रम वेळेवर सुरू होत नाहीत, तेव्हा त्याला घरून पोटभर खाऊ घालून आण. झब्बा आदल्या दिवशी तासभर घालून बघ, गळ्याला टोचत असेल तर तो तिन्ही ओळी मान खाजवत म्हणेल. सूत्रसंचालन करणाऱ्या काकांना सांग, की फक्त नाव घ्या. 'आता आपल्यासमोर येत आहे एक छोटा वक्ता' असं लांबण लावलं की मूल आईच्या पदरामागे जातं.

त्याला प्रेक्षकांकडे तोंड करून उभं करू नकोस. आजोबांच्या खुर्चीशेजारी, त्यांच्याकडे अर्धवट वळून उभा राहू दे. ओळींच्या आधी त्याने एकच हाक मारायची, "आजोबा!" आणि आजोबांनी "काय रे?" म्हणायचं. हाक रोजची असल्याने ती अडत नाही, तिने घसा मोकळा होतो आणि हॉलही शांत होतो. आजोबांना एवढंच सांगून ठेव, ओळी सांगू नकोस.

आठवण करून द्यायला समोर एकच माणूस बसव, म्हणजे तूच. अडकला तर पूर्ण ओळ सांगायची नाही, पहिला शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचा. तीन मावश्या तीन बाजूंनी सांगायला लागल्या की जे आठवत असतं तेही जातं. मोबाइल घेऊन पुढे येणाऱ्यांना मागे थांबव, चित्रीकरण एकाने केलं तरी पुरतं.

आणि एवढं करूनही तो गप्पच उभा राहिला, तर मनात पाच अंक मोज आणि आजींना खूण कर. आजींनी विचारायचं, "अहो, तुमचा चष्मा कुठंय?" बहुतेक वेळा त्याच्या तोंडून दुसरी ओळ आपोआप निघते. नाहीच निघाली, तर आजोबांचा जुना चष्मा त्याच्या खिशात ठेवलेला असू दे. तो काढून आजोबांना द्यायचा, वाकून नमस्कार करायचा आणि खाली यायचं. हे घरी दोनदा करून घे. कुणालाही "घरी तर किती छान म्हणत होतास" म्हणू देऊ नकोस. चष्मा कडक डबीत घाल, झब्ब्याच्या खिशात नुसता ठेवला तर बसल्यावर त्याची काडी मोडते.

तो जुना चष्मा नेमका कुठे आहे, ते मात्र आजच आजींना विचारून घे.

तुझ्या,
बाई