‘सेक्युलर’ला ‘निधर्मी’ म्हणू नये, याचे कारण

*प्रश्न: राज्यशास्त्राच्या निबंधात मी अमेरिका, फ्रान्स आणि भारत यांच्या संविधानांतील सेक्युलॅरिझमची तुलना करते आहे. तिन्हींसाठी ‘धर्मनिरपेक्षता’ हाच शब्द वापरावा, की ‘पंथनिरपेक्षता’, ‘निधर्मी राज्य’, ‘सर्वधर्मसमभाव’ यांपैकी काही? – एक विद्यार्थिनी, रत्नागिरी*

‘निधर्मी’ हा शब्द आधी खोडून टाका. गेली कित्येक वर्षे व्याख्यानांत, अग्रलेखांत आणि आता पाठ्यपुस्तकांच्या उत्तरसूचीतही तो ‘सेक्युलर’चा प्रतिशब्द म्हणून येतो, आणि प्रत्येक वेळी मला त्याचा त्रास होतो, कारण तो शब्दार्थानेही चुकीचा आहे आणि इतिहासानेही. तो किती चुकीचा आहे हे आपल्याच किनाऱ्यावर, वसईत, पाहता येते. तिथल्या कॅथलिक समाजात दोन प्रकारचे धर्मगुरू असतात. काही एखाद्या संघाचे व्रतस्थ सभासद असतात, तर काही थेट बिशपांच्या अधिकाराखाली गावोगावच्या चर्चमध्ये काम करतात. या दुसऱ्या प्रकाराला आपण धर्मप्रांतीय धर्मगुरू म्हणतो, आणि चर्चच्या जुन्या इंग्रजी परिभाषेत त्यांचे नाव आहे ‘सेक्युलर’ धर्मगुरू. रोज पहाटे मिस्सा अर्पण करणाऱ्या, लोकांच्या लग्नांना आणि अंत्यविधींना उभे राहणाऱ्या माणसाला ‘निधर्मी’ म्हणायचे का?

हे विशेषण चर्चच्याच पोटी जन्मले. लॅटिन ‘सेक्युलुम’ म्हणजे एका माणसाचे आयुष्य, एक पिढी, एक युग. फ्रेंचमध्ये शतकाला ‘सिएक्ल’ म्हणतात तो याच शब्दाचा वंशज. ख्रिस्ती लेखकांनी त्याचा अर्थ पुढे ‘हे चालू युग, हा काळाच्या प्रवाहातला लोक’ असा केला आणि त्याच्या पलीकडे शाश्वत असे काहीतरी आहे हे गृहीत धरले. लॅटिन प्रार्थनेच्या शेवटी हाच शब्द दुहेरी होऊन येतो, आणि आपले मराठी ख्रिस्ती बांधव त्या जागी ‘युगानुयुग’ म्हणतात. मठाच्या भिंतीआड न राहता या युगात, या जगात राहणारा तो ‘सेक्युलर’. फ्रेंच ‘लाईक’ या विशेषणाचा प्रवासही असाच आहे: ग्रीक ‘लाओस’ म्हणजे लोक, आणि त्यावरून दीक्षा न घेतलेला सामान्य माणूस. दोन्ही शब्दांच्या मुळाशी ‘धर्म नाही’ असे काहीही नाही. धर्मसंस्थेने स्वतःच्या घरात कामांची जी वाटणी केली, तिच्यातले हे शब्द आहेत. 1851 च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज होलिओक यांनी ‘सेक्युलॅरिझम’ हे नाव घडवले, तेव्हा हे विशेषण शेकडो वर्षे वापरात होते.

‘पंथनिरपेक्ष’चे समर्थक सांगतात की संविधानाच्या हिंदी पाठाच्या उद्देशिकेत हाच शब्द आहे, म्हणून मराठीनेही तो घ्यावा. हिंदी पाठात तो आहे, यात वाद नाही. परंतु मराठी पाठाने 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आणलेल्या ‘सेक्युलर’ या शब्दासाठी ‘धर्मनिरपेक्ष’ योजला आहे, आणि तो विचारपूर्वक योजलेला आहे असे मी मानतो. मराठी माणसाला पंथ म्हटले की वारकरी पंथ, महानुभाव पंथ, नाथ पंथ आठवतो. पंथनिरपेक्ष राज्य म्हणजे वारकरी आणि महानुभाव यांच्यात भेद न करणारे राज्य, एवढाच अर्थ आपल्या कानाला लागतो. ‘धर्म या शब्दात कर्तव्यही येते, आणि राज्य कर्तव्यनिरपेक्ष कसे असेल?’ हा त्यांचा आवडता आक्षेप मला अजिबात पटत नाही. शेजारधर्म, धर्मशाळा, धर्मादाय हे शब्द रोज वापरणारा माणूस धर्माचे हे अर्थ संदर्भाने वेगळे करतोच. धर्मशाळेत धर्माचे शिक्षण मिळते अशी समजूत करून घेऊन कोणी बिऱ्हाड घेऊन तिथे जात नाही.

‘सर्वधर्मसमभाव’ हा थोर शब्द आहे. गांधीजींच्या आश्रमव्रतांत त्याला स्थान होते. परंतु भाव माणसाच्या मनात असतो, आणि तुमचा निबंध राज्याच्या रचनेविषयी आहे. 1978 मध्ये ‘सेक्युलर’ म्हणजे सर्व धर्मांना समान आदर असलेले गणराज्य, अशी व्याख्या संविधानात घालण्याचा प्रयत्न झाला. लोकसभेने ती मान्य केली, राज्यसभेत ती टिकली नाही. तेव्हा हा अर्थ आपल्या संविधानाने सांगितलेला अर्थ आहे असे निबंधात लिहू नका.

आता ‘निरपेक्ष’कडे येतो, कारण खरी गंमत तिथे आहे. संस्कृत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे. त्याला अप लागला की अपेक्षा: कशाकडे तरी दृष्टी ठेवणे, त्याच्यावर अवलंबून असणे. मराठीने पुढे अपेक्षेला ‘आस’ या अर्थात कोंडले, म्हणून ‘निरपेक्ष सेवा’ म्हणजे फळाची आस नसलेली सेवा. परंतु ‘सापेक्षतावाद’ या शब्दात जुना अर्थ जिवंत आहे. धर्मनिरपेक्ष निर्णय म्हणजे ज्या निर्णयाचे कारण ठरवताना समोरच्याच्या धर्माकडे पाहावे लागत नाही असा निर्णय. याच धातूपासून उपेक्षा आणि परीक्षा आले आहेत, आणि माझे कित्येक वर्षांचे मत असे आहे की तुमचे तीन देश हे पाहण्याचे हे तीन प्रकार आहेत. भाषाशास्त्रज्ञ म्हणतील की हा मागाहून जुळवलेला योग आहे. तो तसा असेलही, परंतु तुलनेला तो इतका उपयोगी पडतो की मी तो सोडणार नाही.

अमेरिकेचा प्रकार निरपेक्षेचा. 1947 च्या एव्हर्सन खटल्यात न्यू जर्सीतील पालकांना मुलांच्या बसभाड्याची भरपाई मिळत होती, आणि त्यांत कॅथलिक शाळांत जाणारी मुलेही होती. न्यायालयाने राज्य आणि चर्च यांच्यातील भिंतीची भाषा वापरली, आणि तरीही पाच विरुद्ध चार मतांनी ती भरपाई वैध ठरवली, कारण ती मुलाचा धर्म न पाहता, शाळेत सुखरूप पोचण्यासाठी दिलेली होती. फ्रान्सचा प्रकार उपेक्षेचा, आणि इथे उपेक्षा हा शब्द मी हेळसांड या अर्थाने नव्हे, तर योगसूत्रांत मैत्री, करुणा, मुदिता यांच्या शेजारी बसलेल्या अर्थाने वापरतो: जवळून दिसते, पण त्याची दखल घ्यायची नाही. 1905 च्या कायद्याचे दुसरे कलम सांगते की प्रजासत्ताक कोणत्याही उपासनेला मान्यता देत नाही, वेतन देत नाही, अनुदान देत नाही. त्या वेळी जर्मनीकडे असलेल्या आल्सास आणि मोझेल भागांना तो कायदा लागू झाला नाही, आणि तिथे आजही सरकार काही धर्मगुरूंना पगार देते. ‘फ्रेंच प्रारूप’ असे सरसकट लिहिण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

भारताचा प्रकार परीक्षेचा, म्हणजे चहूबाजूंनी पाहण्याचा. इथे राज्य पाहते, आणि काय पाहायचे नाही हेही पाहून ठरवते. उद्देशिकेत ‘सेक्युलर’ येण्याच्या सव्वीस वर्षे आधीपासून तो शब्द अनुच्छेद 25 मध्ये होता. धर्माचरणाशी जोडलेल्या आर्थिक, राजकीय किंवा अन्य ‘सेक्युलर’ कामांचे नियमन राज्य करू शकते, असे तिथे म्हटले आहे, आणि हिंदी पाठाने तिथे ‘लौकिक’ हा शब्द योजला. पहा, एकाच इंग्रजी शब्दाला एका पाठात दोन जागी दोन शब्द, आणि दुसरा शब्द थेट ‘सेक्युलुम’च्या अर्थापाशी जाऊन पोचतो.

हे नियमन कसे चालते हे मी आमच्या गावच्या देवस्थानाच्या वहीत पाहिले आहे. त्या वहीत तेलवात, पुजाऱ्याचे मानधन, शिमग्याला पालखीच्या रंगकामाचा खर्च अशा नोंदी आहेत, आणि जमेच्या बाजूला देवाच्या आंब्याच्या कलमांचे उत्पन्न. दरवर्षी हिशेब तपासला जातो, आणि ही बाग दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. धर्मनिरपेक्ष राज्याच्या या अधिकाऱ्याच्या पदनामातच धर्म आहे, आणि त्यात विसंगती काहीच नाही, कारण त्याचे काम बागेपाशी संपते. पालखी कोणत्या वाडीत आधी जाईल हे तो ठरवत नाही.

ही सीमा ज्या खटल्यात आखली गेली तो निबंधात जरूर घ्या: रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य, मार्च 1954. मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा 1950 चा होता, आणि त्याला जैन मंदिराच्या व्यवस्थापकांनी आणि पारशी पंचायतीच्या विश्वस्तांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोंदणी आणि हिशेबतपासणी वैध ठरवली, कारण मालमत्तेची व्यवस्था हे लौकिक काम आहे. न्यासांकडून घेतलेली वर्गणी हा कर नसून सेवेचे शुल्क आहे, म्हणून धर्मप्रसारासाठी कर नको असे सांगणारा अनुच्छेद 27 तिला आड येत नाही, असेही ठरले. परंतु मठाचा किंवा मंदिराचा विश्वस्त म्हणून धर्मादाय आयुक्ताचीच नेमणूक करता येईल ही तरतूद न्यायालयाने धार्मिक न्यासांपुरती अमान्य केली, कारण मग राज्याचा अधिकारी देवाचा सेवेकरी झाला असता. एका कार्यासाठी दिलेले धन न्यायालयाला सोयीचे वाटले म्हणून दुसरीकडे वळवण्याच्या तरतुदीतील काही भागही गेला. कोणता विधी करायचा हे धर्माचे. त्यावर किती खर्च करायचा याचे प्रमाण मालमत्तेच्या व्यवस्थेत येऊ शकते. आमच्या वहीतली तेलवातीची ओळ नेमकी या रेषेवर उभी आहे.

रेषा सरकते तेव्हा कसे ओळखावे? अधिकारी किंवा न्यायाधीश ‘किती’ विचारण्याऐवजी ‘का’ विचारू लागला, अमुक विधी खरोखर आवश्यक आहे का असे तपासू लागला, की परीक्षेची हद्द ओलांडली गेली. याच निकालात न्यायालयाने बजावले होते की धर्माचा आवश्यक भाग कोणता नाही हे बाहेरच्या सत्तेने सांगू नये. पुढच्या दशकांत मात्र न्यायालये स्वतःच ते सांगू लागली, आणि भारतीय प्रारूपावरची खरी टीका तिथून सुरू होते.

निबंधातल्या वाक्यांविषयी बोलायचे तर, तिन्ही देशांना एकत्र नाव देताना ‘धर्मनिरपेक्षता’ लिहा, आणि फ्रान्सविषयीच्या भागात ‘लाईक’वरून आलेला ‘लाईसिते’ हा फ्रेंच शब्द देवनागरीत तसाच ठेवा. अनुच्छेद 25 विषयी लिहिताना ‘लौकिक’ वापरा. राज्याच्या भूमिकेसाठी तुम्ही ‘तटस्थता’ लिहिणार असाल, तर तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला, हे लक्षात ठेवा; तो शब्द अमेरिकेला पुष्कळसा आणि फ्रान्सला बराचसा लागू पडतो, पण देवाच्या कलमांचा हिशेब मागणाऱ्या राज्याला तो लावताना कोणत्या बाबतीत काठावर आणि कोणत्या बाबतीत पाण्यात, हे त्याच वाक्यात सांगावे लागेल.