वाढदिवसाच्या संदेशाला गुण कसे द्यायचे

प्रश्न: पतसंस्थेत सभासदांना वाढदिवसाचे संदेश पाठवायचं काम माझ्याकडं आलंय. मी लिहितो, साहेब म्हणतात 'जमलं नाही', पण काय जमलं नाही ते सांगत नाहीत. संदेश तपासायची एखादी साधी यादी आहे का?

उत्तर: सोलापुरात एका पतसंस्थेत मी हे काम केलंय आणि 'जमलं नाही' हा शेरा भरपूर ऐकलाय. त्यावर उपाय म्हणून चार प्रश्नांची यादी केली. प्रत्येकाला ०, १ किंवा २ गुण, एकूण ८. ही माझी पद्धत आहे, शास्त्र नव्हे.

सुरुवात तपशिलापासून करा, जिव्हाळ्यापासून नको. गोड शब्द आधी वाचले की बाकीचे गुणही आपोआप वाढतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १९२० साली हेच दाखवलं होतं: लष्करी अधिकारी सैनिकाला एका गुणात वर ठेवत, तेव्हा बाकीच्या गुणांतही वरच ठेवत.

१. तपशील: नाव झाकून दुसऱ्या सभासदाचं नाव घाला. संदेश तसाच चालला तर ०. फक्त व्यवसाय किंवा गाव कळलं तर १. त्याच माणसाची एखादी गोष्ट असेल तर २.
२. जिव्हाळा: त्या माणसामुळं आपल्याला काय वाटलं किंवा त्याच्यासाठी नेमकं काय हवं, हे आहे का? विशेषणं आणि फुलांची चित्रं मोजायची नाहीत.
३. सूर: त्याच्या घरच्यांसमोर मोठ्यानं वाचता येईल का? 'आपण'नं सुरू करून 'तुझ्या'वर संपत नाही ना?
४. लांबी: व्हॉट्सॲपवर 'अधिक वाचा' न दाबता संपतो का? तीन-चार वाक्यं पुरतात.

आता आमचंच उदाहरण घ्या. कार्यालयाचा मंजूर नमुना असा होता: "आपणांस वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! आपले जीवन सुख, शांती व समृद्धीने फुलत राहो, हीच श्री सिद्धेश्वर चरणी प्रार्थना. शुभेच्छुक, समस्त संचालक मंडळ." तपशील ०, जिव्हाळा १, सूर १, लांबी २. म्हणजे ४.

एका कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करणाऱ्या जॉबरमामांसाठी मी लिहिलं: "मामा, वाढदिवसाच्या शुभेच्छा. वार्षिक सभेत माइक बंद पडला, तेव्हा तुम्ही खिशातला पेचकस काढून तो चालू केलात. लूमवरचा हात असाच चालत राहो." तपशील २, लांबी २, सूर २. जिव्हाळा मात्र १, कारण शुभेच्छा माणसाला नसून त्याच्या हाताला होती. शेवटचं वाक्य बदललं: "तुम्ही उठलात आणि आमच्या जिवात जीव आला. या वर्षी सुट्टी काढून नातवंडांसोबत गड्डा यात्रा निवांत फिरा." आता ८.

कार्यालयानं माइकचं वाक्यच कापलं. कारण काय, तर सभेत माइक बंद पडल्याचं बाहेर गेलं तर संस्थेची बदनामी! उरलं ते मंजूर नमुन्यासारखंच. मामा काउंटरवर येऊन म्हणाले, "सगळ्यांना हेच पाठवता व्हय?" तुमचेही साहेब असं करणार असतील तर कापलेला मजकूर पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे त्यांच्यासमोर ठेवा. 'जमलं नाही'वर वाद घालता येत नाही, 'तपशील २ वरून ०' यावर घालता येतो. माझ्या वेळी ते ऐकायलाही कोणी तयार नव्हतं, ते सोडा.

पुढं आमच्या कार्यालयानं सभासद नोंदवहीतून तारखा काढून तोच नमुना सरसकट पाठवायला सुरुवात केली. वारलेल्या एका सभासदाचं नाव नोंदवहीत तसंच होतं. त्यांच्या पत्नी फोन हातात धरून कार्यालयात आल्या. 'जीवन फुलत राहो' हे त्यांना वाचून दाखवायची कुणाचीच छाती झाली नाही, आणि बोलणी खाल्ली ती मी. तेव्हापासून माझा नियम: सूर ० आला तर बेरीज कितीही असो, संदेश जात नाही. दुःखातलं घर, आजारपण, वयावरची थट्टा, सगळं यात येतं.

तपशिलाचीही मर्यादा आहे. पतसंस्थेत आपल्याला लोकांची कर्जं, जामीन, थकबाकी ठाऊक असते. 'कर्ज फेडलंत, अभिनंदन' हे तपशिलात २ आणि सुरात ०. चारचौघांत घडलेलंच लिहा. मी सभेत, काउंटरवर काही दिसलं की सभासदाच्या नावापुढं एक ओळ टिपून ठेवायचो. ऐन वाढदिवशी काही आठवत नाही.

आणि १ जूनला सांभाळा. जुन्या पिढीत अनेकांची ही शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली तारीख असते. त्या दिवशी संदेशांचा ढीग निघेल. आधी फोन करून खरी तारीख विचारा. बहुतेक जण तिथी किंवा सण सांगतात, आणि त्या गप्पांत लिहायला काहीतरी मिळतंच.