२४ आलं म्हणून S4 होत नाही

प्रश्न: C2 आणि C3 यांचा रीथ प्रॉडक्ट घेतला तर ऑर्डर किती येते आणि तो नेमका कोणता ग्रुप असतो? आमच्या नोट्समध्ये S4 लिहिलंय, ते बरोबर आहे का?

चूक आहे. ऑर्डर २४ बरोबर, S4 साफ चूक. उत्तर लिहायला बसलोय ते याच S4 मुळे, कारण माझ्या तोंडी परीक्षेत हीच गोष्ट माझ्यावर शेकली होती आणि त्यात थोडा दोष माझाही होता.

परीक्षकांनी विचारलं, रचना सांग. मी म्हटलं, तीन दिवे एका वर्तुळात आहेत असं समजा. प्रत्येक दिवा चालू किंवा बंद. कुठल्याही दिव्याचं बटण दाबता येतं, आणि तिन्ही दिवे एक घर पुढे सरकवता येतात, या सरकवण्याला t म्हणू. बटणं दाबण्याचे प्रकार 2³ = 8, सरकवण्याचे प्रकार ३, म्हणून २४. इथवर सर मान डोलवत होते. मग त्यांनीच वाक्य पुरं केलं, "म्हणजे S4." मी म्हटलं, नाही सर, C2 × A4. ते म्हणाले, "ऑर्डर चोवीस, अबेलियन नाही, आत V4 आहे, त्यावर C3 फिरतोय. अजून काय हवं?"

खरं तर अजून बरंच हवं. पण तेव्हा मी सेंटर धरून बसलो. तिन्ही बटणं एकदम दाबणं, म्हणजे (1,1,1), हे दिवे आधी सरकवून केलं काय नि नंतर सरकवून केलं काय, परिणाम एकच. म्हणून ते सेंटरमध्ये आहे. S4 चं सेंटर ट्रिव्हियल आहे. विषय संपायला हवा होता, पण सरांनी उलट विचारलं, "बरं, (1,0,0) आणि t मिळून जे एलिमेंट होतं त्याची ऑर्डर सांग." मी बेधडक सांगितलं, तीन. का, तर t ची ऑर्डर तीन आहे म्हणून. सर हसले आणि म्हणाले, "मग S4 मध्येही तीनचीच असतात की." माझ्या सेंटरकडे त्यानंतर कोणी बघितलंच नाही.

त्या एलिमेंटची ऑर्डर सहा आहे. मी तेव्हा सहा म्हणालो असतो तर वाद तिथेच मिटला असता, कारण S4 मध्ये सहा ऑर्डरचं एलिमेंटच नसतं. दिव्यांवर करून बघा: सगळे एक घर सरकवा आणि मग पहिल्या घरात जो दिवा आला त्याचं बटण दाबा. हे तीनदा करा. प्रत्येक दिवा पहिल्या घरातून बरोबर एकदा जातो, म्हणून प्रत्येकाचं बटण एकदाच दाबलं जातं, आणि तिसऱ्या खेपेला सगळे आपापल्या जागी परत येतात. म्हणजे तीनदा केल्यावर आयडेंटिटी मिळत नाही, (1,1,1) मिळतं. सहादा केल्यावर आयडेंटिटी. मी "t ची तीन, म्हणून याचीही तीन" म्हणालो तेव्हा बटणं वाटेत साठत जातात हेच विसरलो.

हाच हिशोब थोडा पुढे नेला की अख्खी रचना हाताशी येते. v ही बटणांची यादी असेल, तर (v,t) चा घन म्हणजे (s,s,s), जिथे s ही v मधल्या एकांची बेरीज, मॉड्युलो २. एकांची संख्या सम असेल तर ऑर्डर ३, विषम असेल तर ६. t आणि t² दोन्ही धरून सम याद्यांची ८ एलिमेंट्स ऑर्डर ३ ची, विषम याद्यांची ८ ऑर्डर ६ ची. न सरकवता नुसती बटणं दाबणारी उरली ८: त्यात आयडेंटिटी एक आणि ऑर्डर २ ची सात. १ + ७ + ८ + ८ = २४. चार ऑर्डरचं एकही नाही, आणि S4 मध्ये तशी सहा आहेत. हे मी परीक्षेहून घरी आल्यावर मोजलं. उपयोग शून्य.

आता C2 × A4 कुठून येतो ते. सम याद्या चार आहेत: (0,0,0), (1,1,0), (0,1,1), (1,0,1). हा V4. सरकवल्यावर शेवटच्या तीन एकमेकींत फिरतात, म्हणून V4 आणि t मिळून A4 होतो. सरांचा V4 आणि त्यावर फिरणारा C3 हाच, पण त्याने १२ च भरतात. बाकीचं दुप्पट करतं ते (1,1,1). तीन ही विषम संख्या असल्यामुळे (1,1,1) सम याद्यांत बसत नाही, ते A4 च्या बाहेर राहतं आणि सगळ्यांशी कम्यूट होतं. A4 बाहेरचं, ऑर्डर दोनचं आणि सेंटरमधलं एलिमेंट मिळालं की डायरेक्ट प्रॉडक्ट आपोआप होतो.

ही विषमता गृहीत धरून पुढे जाऊ नका. C3 च्या जागी C2 घेतलात तर (1,1) स्वतःच सम यादी आहे, ती बाहेर काढता येत नाही, आणि मिळतो तो आठ ऑर्डरचा डायहेड्रल ग्रुप. त्याचे असे तुकडे पडत नाहीत.

सरांची चूक कुठून आली असावी हेही मला नंतर कळलं. C3 ऐवजी पूर्ण S3 घेतला, म्हणजे दिव्यांची हवी तशी अदलाबदल करू दिली, तर ४८ ऑर्डरचा ग्रुप येतो: घनाच्या सगळ्या सिमेट्रीज, परावर्तनं धरून. त्यात २४ ऑर्डरचे सबग्रुप तीन आहेत. दोन S4 शी आयसोमॉर्फिक, तिसरा आपला. शेजारी शेजारी राहणारे, ऑर्डर सारखी, म्हणून एकाचं नाव दुसऱ्याला चिकटतं. चिकटू द्यायचं नसतं, एवढंच.

GAP हे सॉफ्टवेअर असेल तर हे टाका:

```
G := WreathProduct(CyclicGroup(IsPermGroup,2),
                   CyclicGroup(IsPermGroup,3));
Size(G);
StructureDescription(G);
```

२४ आणि "C2 x A4" येईल. पण नोट्स लिहिणाऱ्यांना स्क्रीन दाखवू नका, सहा बिंदूंवरचं (1 2) आणि (1 3 5)(2 4 6) दाखवा. दोघांचा गुणाकार करायला सांगा. सहाचं एक अख्खं सायकल येतं, आणि मग म्हणा, हे S4 मध्ये कुठे बसतं ते दाखवा. मला हे सुचायला दोन दिवस उशीर झाला.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. हे सगळं C2 खाली आणि C3 वर असताना. तुमच्या प्रश्नात "C2 आणि C3" एवढंच आहे, आणि रीथ प्रॉडक्टमध्ये क्रम उलटला की ग्रुप बदलतो. C3 खाली, C2 वर घेतलात तर ऑर्डर 3² × 2 = 18 आणि ग्रुप C3 × S3: (x,x) या जोड्या अदलाबदलीत तशाच राहतात, (x,−x) उलटतात, त्यातून S3 तयार होतो. काही पुस्तकं वरचा ग्रुप आधी लिहितात, म्हणून उत्तरपत्रिकेत पहिल्याच ओळीत कोण कोणाला फिरवतोय ते लिहा. तरीही S4 लिहिणाऱ्यांना सूट नाही. तो यांतल्या कुठल्याच क्रमात येत नाही.