तो निष्काळजी नाही, तुम्ही फार जवळ बसला आहात

मॅडम, मुलगा आयसीएसई दहावीत आहे. प्रीलिमला केमिस्ट्रीत ८० पैकी ४९. मोल कन्सेप्टच्या उदाहरणांना १० गुण होते, त्यातले २ मिळाले. बोर्डाचा पेपर चौदा दिवसांवर आलाय. मी स्वतः मेकॅनिकल इंजिनिअर आहे. रोज रात्री ९ ते ११ शेजारी बसून जेईईच्या पुस्तकातली उदाहरणं करून घेतो. माझ्यासमोर सगळी येतात, पेपरात मात्र ब्लँक. परवा ४.४ ग्रॅम प्रोपेन जाळण्याचं उदाहरण एकट्याने सोडवायला दिलं. कार्बन डायऑक्साइड १३.२ ग्रॅम बरोबर काढला आणि ऑक्सिजन २२ ग्रॅम! निव्वळ निष्काळजीपणा. आत्ताच हे जमत नसेल तर आयआयटीचं काय? चौदा दिवसांचं तासागणिक वेळापत्रक द्यावं. – एक पालक, ठाणे

पत्रातला 'निष्काळजीपणा' हा शब्द मी सर्वांत आधी खोडते. तुम्ही दिलेला पुरावाच त्याच्या विरुद्ध आहे. समीकरण असं आहे:

C₃H₈ + 5O₂ → 3CO₂ + 4H₂O

आता त्याचे २२ ग्रॅम बघा. ते हवेतून आलेले नाहीत. ४.४ गुणिले ५, म्हणजे २२. आणि १३.२ कुठून आले? ४.४ गुणिले ३. मुलाने दोन्ही ठिकाणी एकच नियम लावला: समीकरणातले आकडे म्हणजे ग्रॅमचं प्रमाण. नियम चुकीचा आहे, पण तो त्याने इमानेइतबारे पाळलाय. निष्काळजी मुलाच्या चुका इतक्या शिस्तीत येत नाहीत.

मग कार्बन डायऑक्साइड बरोबर कसा आला? निव्वळ योगायोगाने. प्रोपेनचा रेणुभार ३६ अधिक ८, म्हणजे ४४. कार्बन डायऑक्साइडचा १२ अधिक ३२, म्हणजे तोही ४४. दोघांचे रेणुभार सारखे असल्यामुळे इथे, आणि जवळपास फक्त इथेच, चुकीच्या रीतीने बरोबर उत्तर निघतं. तुम्ही त्यावर टिकमार्क केलीत आणि पुढच्या ओळीवर रागावलात. मुलाच्या बाजूने विचार करा: तीच रीत एका ओळीत बरोबर आणि दुसऱ्या ओळीत चूक ठरली. पेपरात तो ब्लँक होतो यात मला नवल वाटत नाही.

हा या धड्यातला सर्वांत मोठा गैरसमज आहे, म्हणून इथे थोडी थांबते. समीकरणातला आकडा मोजदाद सांगतो, वजन सांगत नाही. एका वड्याला एक पाव लागतो, पण म्हणून शंभर ग्रॅम वड्यांना शंभर ग्रॅम पाव लागतील असं कोणी म्हणत नाही. प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू, म्हणून एका मोलला पाच मोल. ग्रॅममधून आधी मोलमध्ये जायचं, समीकरणातला आकडा फक्त तिथेच वापरायचा आणि मग हवं तर पुन्हा ग्रॅममध्ये यायचं. ४.४ भागिले ४४, म्हणजे ०.१ मोल प्रोपेन. त्याला ऑक्सिजन ०.५ मोल, म्हणजे ०.५ गुणिले ३२, १६ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड ०.३ मोल, १३.२ ग्रॅम. पाणी ०.४ मोल, ७.२ ग्रॅम. आता ताळा करा. आत गेले ४.४ आणि १६, एकूण २०.४. बाहेर आले १३.२ आणि ७.२, तेही २०.४. त्याच्या रीतीने मात्र आत २६.४ आणि बाहेर ३०.८ होतात, म्हणजे ४.४ ग्रॅम शून्यातून निर्माण झाले. हा ताळा त्याला एकदा स्वतःच्या हाताने करू द्या. तुम्ही सांगू नका. आपली रीत कुठे फसते हे त्याला स्वतःला दिसलं तर तो ती सोडेल, तुम्ही ओरडलात म्हणून सोडणार नाही.

आता तुमच्या ९ ते ११ बद्दल. तुम्ही शेजारी बसता आणि पेन अडखळलं की सांगता, 'आधी मोल काढ.' असं तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण बहुतेक सगळे इंजिनिअर वडील हेच करतात. या धड्यात अवघड जागा तेवढी एकच आहे: कशाचे मोल काढायचे हे ठरवणं. पुढचा सगळा भागाकार-गुणाकार. ती एक जागा रोज तुम्ही भरता आणि उरलेला हिशोब तो करतो, म्हणून तुमच्यासमोर 'सगळी येतात'. परीक्षेच्या हॉलमध्ये ती जागा भरायला कोणी नसतं. तेव्हा पहिला बदल वेळापत्रकात नाही, खुर्चीत आहे. तुम्ही दुसऱ्या खोलीत बसा.

जेईईची पुस्तकंही उचलून ठेवा. त्यातलं इक्विव्हॅलंट वेट, नॉर्मॅलिटी वगैरे त्याच्या पेपरात येणारच नाही. आणि अकरावी सायन्सच्या सुरुवातीलाच हा धडा पुन्हा, सविस्तर शिकवतात. आयआयटीचा हिशोब तेव्हा करू.

तासागणिक वेळापत्रक मी देणार नाही. चौदा दिवसांत त्याला केमिस्ट्रीचे बाकीचे धडेही बघायचेत आणि इतर विषयही आहेत. या धड्याला रोज पाऊण तास द्या, तोही रात्री नऊनंतर नको.

पहिले तीन दिवस एकही समीकरण नको. फक्त ये-जा: ग्रॅममधून मोल, लिटरमधून मोल, रेणूंच्या संख्येतून मोल आणि तिथून परत. उदाहरणार्थ, एसटीपीला ५.६ लिटर कार्बन डायऑक्साइड घ्या. २२.४ ने भागलं की ०.२५ मोल. वजन ११ ग्रॅम. रेणू साधारण १.५ गुणिले १०²³. आणि त्यातले ऑक्सिजनचे अणू? इथे मुलं हमखास पुन्हा १.५ लिहितात. एका रेणूत दोन अणू, म्हणून ३ गुणिले १०²³. प्रश्नात 'रेणू' विचारलेत की 'अणू', त्या शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय याच तीन दिवसांत लागू दे. २२.४ हा आकडा फक्त वायूचा, आणि तोही एसटीपीचा, हेही इथेच पक्कं व्हावं. ०.४ मोल पाण्याचे ८.९६ लिटर करणारी मुलं मी दर वर्षी बघते. एसटीपीला, म्हणजे शून्य अंशाला, पाणी वायू नसतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच्यासमोर एक चिठ्ठी ठेवा: २.४ ग्रॅम मॅग्नेशियम पूर्ण जाळलं तर मॅग्नेशियम ऑक्साइड किती ग्रॅम? (Mg = 24, O = 16) समीकरणात दोन्हीकडे 2 आहे. उत्तर २.४ आलं तर जुना नियम अजून डोक्यात आहे. पुढे जाऊ नका, प्रोपेनचा ताळा पुन्हा करू द्या. ४ ग्रॅम आलं तर रस्ता मोकळा. मग चौथा ते आठवा दिवस समीकरणांची उदाहरणं, रोज चारच. प्रत्येक उदाहरणाच्या शेवटी आत-बाहेरच्या वजनाचा ताळा. चार उदाहरणं ताळ्यासकट केलेली मला चाळीस उदाहरणांपेक्षा जास्त चालतील.

याच दिवसांत वायूंच्या घनफळाची उदाहरणं घ्या. त्यांत मोल काढायची गरजच नसते, कारण एकाच तापमान-दाबाला वायूंच्या घनफळांचं प्रमाण थेट समीकरणातलंच असतं. २० घनसेंमी प्रोपेन आणि १२० घनसेंमी ऑक्सिजन असेल तर ऑक्सिजन १०० वापरला जातो, २० उरतो, आणि कार्बन डायऑक्साइड ६० तयार होतो. खोलीच्या तापमानाला मोजलं तर एकूण ८०, कारण पाण्याचं द्रव झालेलं असतं. मुलाने १६० लिहिलं तर त्याने पाणी वाफ म्हणून धरलंय, हे तुम्हाला वही बघताच कळेल. ते तापमान १०० अंशांच्या वर दिलेलं असेल तरच बरोबर.

नववा-दहावा दिवस एम्पिरिकल आणि मॉलिक्युलर फॉर्म्युल्याला. रीत त्याला येत असेलच, चूक होते ती शेवटच्या पायरीला. लोह ७० टक्के, ऑक्सिजन ३० टक्के: ७० भागिले ५६ म्हणजे १.२५, ३० भागिले १६ म्हणजे १.८७५. लहान आकड्याने भागलं की १ ला १.५. घाईत १.५ चे २ होतात आणि FeO₂ लिहून मोकळे. दोघांना २ ने गुणायचं, Fe₂O₃ मिळतं. दुसरी चूक व्हेपर डेन्सिटीची: ती थेट रेणुभार म्हणून वापरली जाते, २ ने गुणायचं राहून जातं. बस, या भागात एवढंच जपायचं.

अकराव्या दिवशी या धड्याला सुट्टी. बारा आणि तेरा तारखेला नाही, बाराव्या आणि तेराव्या दिवशी (पालक हे वेळापत्रक कॅलेंडरवर चिकटवतात, म्हणून सांगते) बोर्डाच्या जुन्या पेपरांतली या धड्याची उदाहरणं घड्याळ लावून. पेपर ८० गुणांचा आणि दोन तासांचा, म्हणजे गुणाला दीड मिनिट. चार गुणांचं उदाहरण सहा मिनिटांत बसलं पाहिजे. चौदाव्या दिवशी नवीन काही नाही. त्याने स्वतः चुकवलेली उदाहरणं तेवढी पुन्हा करावीत.

तुमचं काम रात्री दहा मिनिटांचं. वही बघायची, पण उत्तर आधी बघायचं नाही, दुसरी ओळ बघायची. तिथे 'मोल' लिहिलेत का, एकक लिहिलंय का, आणि ते कशाचे मोल आहेत याचं नाव लिहिलंय का. 'मोल = ०.१' पुरत नाही, 'प्रोपेनचे मोल = ०.१' हवं. समीकरण, मोल, प्रमाण आणि एकक वेगवेगळ्या ओळींवर असतील तर शेवटी गुणाकार चुकला तरी पायऱ्यांचे गुण हातात राहतात. चूक दिसली तर पेन्सिलने गोल करा आणि वही परत द्या. ती चूक कुठली, हे शोधण्याचं काम त्याचं आहे; तेवढ्या वेळात खोलीत थांबू नका.