अरबी नामवाक्यात खबर आधी कधी येते?

प्रश्न: मुब्तदा, म्हणजे ज्याविषयी बोलायचे ते नाम, आधी आणि खबर, म्हणजे त्याविषयी जे सांगायचे तो भाग, नंतर असते, मग खबर आधी आणणे सक्तीचे कधी होते?

उत्तर: मुब्तदा निव्वळ अनिश्चित नाम असून खबर 'घरात' अशा स्थलदर्शक रचनेची असेल, तर 'फिद्दारि रजुलुन' (घरात एक माणूस आहे) असेच म्हणावे लागते, कारण क्रम उलटा केला तर ऐकणारा 'घरातला एक माणूस' असा अर्थ लावून खबरेची वाट पाहत राहतो. नामाला विशेषण जोडले, जसे 'रजुलुन करीमुन फिद्दारि' म्हणजे 'एक उदार माणूस घरात आहे', की ही सक्ती उरत नाही. 'फिद्दारि साहिबुहा' (घरात त्याचा मालक आहे) येथे मात्र मुब्तदा निश्चित असूनही क्रम बदलता येत नाही, कारण 'हा' हे सर्वनाम घराकडे निर्देश करते आणि ते नाम आधी यावे लागते. खबर प्रश्नार्थक असली, जसे 'ऐनल किताबु?' म्हणजे 'पुस्तक कुठे आहे?', किंवा 'मा नाजिहुन इल्लल मुज्तहिदु' (यशस्वी फक्त कष्टाळूच) याप्रमाणे ती मुब्तदापुरतीच मर्यादित केली, तरीही तीच आधी येते.