चंद्राचं खळं अन् इंद्रधनुष्य

प्रश्न: चंद्राभोवती खळं पडते ते इंद्रधनुष्यासारखं पाण्याच्या थेंबानंच बनते का?

नाही, ते बर्फाच्या कणांनी बनते, आपल्या विदर्भात उकाडा असला तरी वर पातळ ढगात बर्फच असतो. इंद्रधनुष्यात उजेड थेंबाच्या आत आपटून मागं फिरते म्हणून ते सूर्याच्या उलट बाजूला दिसते, खळ्यात मात्र उजेड सहा बाजूंच्या कणातून आरपार जाते अन् कमीत कमी 22 अंश वळते, म्हणून कडं चंद्राभोवतीच. हात लांब करून वीत ताणा, अंगठा चंद्रावर ठेवला की करंगळी जवळपास कड्यावर येते. हेच कण चपटे अन् आडवे तरंगत असले तर सकाळ-संध्याकाळी सूर्याच्या दोन्ही बाजूंना प्रतिसूर्य म्हणजे सूर्यासारखे उजळ ठिपके चमकतात. फक्त चंद्राला चिकटून लहानसं रंगीत वलय असलं तर ते बहुतेक पाण्याच्या बारीक थेंबांचं, खळं नाही.